अंकशास्त्रानुसार Sunita चं Sunitaa करायचं आहे. आधी कुठलं कागदपत्र बदलू?

आधी गॅझेट, मग आधार, मग पॅन, आणि त्यानंतर बँक. हा क्रम मोडू नका.

बऱ्याच जणी आधी पॅन बदलून मोकळ्या होतात. मग आधारवर Sunita आणि पॅनवर Sunitaa अशी तफावत राहते. एका अक्षराच्या फरकानेही पडताळणी अडू शकते, आणि मग बँकेचं केवायसी किंवा पीएफचा दावा लटकतो.

महाराष्ट्रात असाल तर राज्य शासनाच्या राजपत्रात नावबदल ऑनलाइन अर्ज करून छापून घेता येतो. अर्जात जुनं आणि नवं स्पेलिंग अक्षर न् अक्षर तपासा, कारण पुढचं सगळं त्यावरच चालतं. आधारवर नाव आयुष्यात साधारण दोनदाच बदलता येतं. म्हणजे उद्या दुसऱ्या अंकशास्त्रज्ञाने वेगळं स्पेलिंग सुचवलं, तर दारं जवळजवळ बंद.

म्हणून हिशेब आधीच पक्का करा. प्रत्येक इंग्रजी अक्षराला 1 ते 8 मधला अंक देणाऱ्या खाल्डियन पद्धतीने Sunita ची बेरीज 20, म्हणजे 2 येते आणि Sunitaa ची 21, म्हणजे 3. पण बेरीज फक्त पहिल्या नावाची धरायची की आडनावासकट, हे आधी विचारून घ्या, नाहीतर तेच काम पुन्हा करावं लागेल.

दहावीचं प्रमाणपत्र जुन्याच नावाचं राहील असं धरून चाला, त्यासोबत गॅझेटची प्रत जोडत जा. पासपोर्टवर परदेशी तिकीट काढलेलं असेल, तर तो प्रवास उरकेपर्यंत त्याला हात लावू नका.

माझं मत विचाराल तर आधी सहा महिने नवं स्पेलिंग फक्त सोशल मीडियावर आणि व्हिजिटिंग कार्डावर वापरा. तिथे कुणाची परवानगी लागत नाही.