दर वेळी शिफ्ट बदलून मागताना मेसेज कसा लिहावा?

«वडिलांना दर 28 दिवसांनी दवाखान्यात न्यावं लागतं आणि नेमकी ड्युटी आडवी येते. सोबतच्या माणसाला शिफ्ट बदलून मागायचा मेसेज कसा टाकू?»

मेसेज टाकायच्या आधी कॅलेंडर घेऊन बसा. मी वाळूज एमआयडीसीत आहे. आमची शिफ्ट दर आठवड्याला बदलते: फर्स्ट, मग नाइट, मग सेकंड. आईची केमो दर 21 दिवसांनी, म्हणजे नेमक्या तीन आठवड्यांनी. त्यामुळं प्रत्येक तारीख माझ्या फर्स्टलाच यायची. तुमचं चक्रही असंच तीन आठवड्यांचं असेल, तर 28 दिवसांची तारीख दर वेळी वेगळ्या शिफ्टला येईल आणि फर्स्टची अडचण दर तीन खेपांत एकदाच पडेल. हे आधी कळलं की समोरच्याला नक्की किती वेळा मागायचंय ते सांगता येतं.

पहिल्यांदा मी आदल्या रात्री लिहिलं होतं, "भाऊ, उद्या जमवता का, आईला न्यायचंय." ते बिचारे आले. पण सुपरवायझरला कुणीच सांगितलं नव्हतं, माझी गैरहजेरी लागली. नंतर आठ दिवस आधी फोन करायचा, ते हो म्हणाले की मग लिहायचं, असं ठरवलं:

"भाऊ, फोनवर बोलल्याप्रमाणे. मंगळवार 14 जुलै: माझी फर्स्ट (7 ते 3) तुम्ही, तुमची सेकंड (3 ते 11) मी. पुढच्या तारखा 4 आणि 25 ऑगस्ट, दोन्ही मंगळवार. जी जमणार नाही ती आत्ताच सांगा. सोमवारी रक्ताचा रिपोर्ट येतो. पेशी कमी आल्या तर केमो पुढं जाते, म्हणून नक्की काय ते तुम्ही घरून निघायच्या आत, 2 पर्यंत फोन करतो. सुपरवायझरला मी कळवतो, त्यांचा होकार आला की तुम्हाला पाठवतो."

सोमवारची ती ओळ सगळ्यात महत्त्वाची. एकदा पेशी कमी आल्या आणि केमो आठवडाभर पुढं ढकलली. आधीच बोललेलं असल्यानं भाऊ आपल्या सेकंडलाच आले, धावपळ झाली नाही. नवी तारीख माझ्या नाइटच्या आठवड्यात पडली आणि 21 दिवसांच्या हिशोबानं पुढच्याही तिथंच. अदलाबदल लागेनाशी झाली, तेही त्यांना लगेच कळवलं.

अशा अदलाबदलीत सोमवारी रात्री 11 ला सुटलेला माणूस मंगळवारी 7 ला परत उभा राहतो, मधे आठच तास, त्यातच जाणं-येणं. तुमच्याच शिफ्टमधलं, त्या दिवशी साप्ताहिक सुट्टी असलेलं कुणी असेल तर त्यांची सुट्टी तुमच्या सुट्टीशी बदलून मागा, त्यात कुणाची झोप जात नाही. मी केमो लिहिलं, पण तुम्हाला आजाराचं नाव मेसेजमधे लिहायची गरज नाही, "वडिलांचा दवाखाना" एवढं पुरतं.