गल्ल्याशेजारची मुलगी

"कुणी काही मागितलं की माझ्या तोंडून 'हो' निघून जातं. ऑफिसात, सासरी, सोसायटीत, सगळीकडे. घरी आल्यावर स्वतःचाच राग येतो, रात्री झोप लागत नाही. आई म्हणते, लहानपणापासून तुझा स्वभावच गोड. स्वभावच असेल तर तो बदलतो का? आणि बदलायला गेले तर मी स्वार्थी होईन का?"

तुमचं पत्र वाचताना मला मेघना आठवली. तिच्या परवानगीने लिहिते आहे. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मेघना ४३ वर्षांची, एका कंपनीत हिशेब सांभाळणारी. वर्षभर ॲसिडिटीच्या गोळ्या चालू होत्या, एंडोस्कोपीत काही सापडलं नाही, तेव्हा तिच्या फॅमिली डॉक्टरांनी तिला माझ्याकडे पाठवलं. पहिल्या भेटीत ती मला म्हणाली, "मॅडम, माझा काही मोठा प्रॉब्लेम नाही, तुमचा वेळ उगाच घेतेय." हे वाक्य मी वहीत तसंच उतरवून ठेवलं.

मी तिला दोन आठवडे एक नोंदवही ठेवायला सांगितली. कुणी मागितलं, काय मागितलं, 'हो' म्हणण्याआधी शरीरात काय झालं आणि नंतर काय वाटलं, एवढे चारच रकाने. ती ४१ नोंदी घेऊन आली. त्यांतल्या २६ ठिकाणी तिने लिहिलं होतं की समोरच्याचं बोलणं संपायच्या आधीच आपण 'हो' म्हटलं. 'पोटात गोळा' हे शब्द जवळजवळ प्रत्येक पानावर होते. पण माझं लक्ष गेलं ते पाचव्या रकान्याकडे. तो मी सांगितलाच नव्हता. तिने आपण होऊन आखला होता आणि वर लिहिलं होतं, 'चेहरा'. खाली बारीक अक्षरात नोंदी: कपाळाला आठी. आवाज बारीक. चहाचा कप जोरात ठेवला. माझ्याकडे न बघता बोलले.

मी विचारलं, "एवढं बारीक चेहरा वाचायला कुठे शिकलात?"

ती पटकन म्हणाली, "दुकानात." आणि मग स्वतःच थबकली.

लालबागमध्ये तिच्या वडिलांचं किराणा दुकान होतं. खाली दुकान, वर पोटमाळ्यावर बिऱ्हाड. १८ जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा मेघना वर्षाचीही नव्हती. दुकानाची सगळी गिऱ्हाइकं गिरणीतली. वडिलांनी महिनोन्‌महिने उधारीवर तांदूळ-तेल दिलं. संप रेंगाळला, माणसं एकेक करून कोकणात नाहीतर घाटावर गावी निघून गेली आणि उधारीच्या वह्या तशाच फळीवर राहिल्या. मशीद बंदरच्या घाऊक व्यापाऱ्याचा माणूस मात्र वसुलीला येत राहिला. मेघनाला समज आली तेव्हा घरात हे कर्ज होतंच, जशी भिंत असते तसं.

रात्री साडेनऊला शटर खाली यायचं. आठ वर्षांची मेघना पोटमाळ्याच्या शिडीवर बसून तो आवाज ऐकायची. शटर दोन टप्प्यांत आलं, मधे बाबा शेजारच्या दुकानदाराशी दोन शब्द बोलले, तर दिवस बरा गेला. एकाच झटक्यात खाली आदळलं तर आज गल्ल्यात काही नाही. कदाचित सकाळची भवानीसुद्धा दुपारी झाली असेल. अशा रात्री वर आल्यावर बाबा आणि आईचं भांडण ठरलेलं. आई रडायची, बाबा जेवायचे नाहीत, धाकटा भाऊ अंथरुणात ओलं करायचा.

म्हणून मेघना शटर आदळलं की लगेच खाली जायची. पाण्याचा तांब्या घेऊन. गल्ल्यातली चिल्लर काढायची आणि चार आण्यांच्या, आठ आण्यांच्या, रुपयाच्या दहा-दहा नाण्यांच्या चळती लावायची, काठ एकसारखे जुळवून. बाबा बघत राहायचे. त्यांचा श्वास हळू व्हायचा. मग म्हणायचे, "माझी शहाणी ती." त्या रात्री बऱ्याचदा भांडण व्हायचं नाही.

मला सांगताना मेघनाची बोटं टेबलावर चळती लावत होती. तिला ते कळत नव्हतं.

इथे मी तिला विचारलं, "तुम्ही खाली गेला नसतात तर?" ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "दुसरं कोण होतं?"

आठ वर्षांच्या मुलीला घर सोडून जाता येत नाही, बापाला समोर उभं राहून जाब विचारता येत नाही, कर्ज फेडता येत नाही. तिच्या हातात एकच गोष्ट होती: समोरच्याला काय हवंय ते त्याच्या आधी ओळखायचं आणि पुरवायचं. तिने ते केलं आणि त्याचा उपयोग झाला. उपयोग झाला म्हणूनच ते पक्कं बसलं. कॅरेन हॉर्नी या मनोविश्लेषक बाईंनी १९४५ साली लिहून ठेवलंय की असुरक्षित वाटणारं मूल तीन वाटा शोधतं: माणसांच्या जवळ जायचं, त्यांच्याविरुद्ध उभं राहायचं किंवा त्यांच्यापासून दूर व्हायचं. मेघनाने पहिली वाट धरली. तिच्या भावाने तिसरी. तो अजूनही कुणाचा फोन उचलत नाही. एकाच घरात, एकाच शटरच्या आवाजात वाढलेली दोन मुलं. आई ज्याला गोड स्वभाव म्हणायची, ती एका मुलीने शोधून काढलेली घर शांत ठेवायची युक्ती होती. तिचे बाबा वाईट नव्हते, हेही मला आवर्जून सांगायला हवं. त्यांनी तिच्यावर कधी हात उगारला नाही. पण मुलाला घाबरायला मार लागतोच असं नाही.

ही गोष्ट कळली त्या दिवशी मेघना खूप रडली. पुढच्या आठवड्यात आली ती हसत. "खूप हलकं वाटतंय, मॅडम." गृहपाठ चोख, वहीला नवं कव्हर. मला समाधान वाटलं आणि तिथेच माझं चुकलं. सहाव्या भेटीला मला वेळ बदलायची होती. गुरुवार संध्याकाळऐवजी शनिवारी सकाळी आठ चालेल का, असं विचारलं. "हो हो, चालेल की," ती म्हणाली. शनिवारी ती आली ती १०१ ताप घेऊन. मुलीला आदल्या रात्रीच बहिणीकडे सोडलं होतं, कारण शनिवारी सकाळी तिला क्लासला न्यायला दुसरं कुणी नव्हतं. हे सगळं मला बोलण्याच्या ओघात कळलं.

मी म्हटलं, "मला फोन का नाही केलात?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"आणि ते हलकं वाटणं?"

ती खाली बघत म्हणाली, "थोडं वाटत होतं. पण तुम्ही इतकं करताय, तर..."

म्हणजे सहा आठवडे ती माझ्यापुढेही चळतीच लावत होती. "आमच्याकडे गिऱ्हाईक परत गेलेलं बाबांना चालायचं नाही," ती म्हणाली. मी तिचं नवं गिऱ्हाईक झाले होते. मी तिची माफी मागितली आणि सांगितलं की आता खरं काम इथूनच, या खोलीतूनच सुरू करू. पुढची वेळ मी मुद्दाम तिच्या अडचणीची सुचवली. तिला फक्त "नाही जमणार" म्हणायचं होतं. तिला चार मिनिटं लागली. मान लाल झाली, हात गार पडले. शेवटी म्हणाली, आणि लगेच पुढे जोडलं, "पण तुम्हाला अगदीच हवं असेल तर..." आम्ही ते पुन्हा केलं. तिसऱ्यांदा ती शेपूट न जोडता थांबली.

तुमचं कुतूहल असेल की पुढे बाहेर काय केलं. अगदी थोडं केलं. एकदम 'नाही' म्हणायला मी सांगत नाही, ते टिकत नाही. पहिले तीन आठवडे तिला एकच वाक्य होतं: "बघून सांगते." तोंडातून आपोआप निघणारा 'हो' आणि मागणी यांच्यात थोडी जागा करायला ते पुरतं. मग सोप्याकडून अवघडाकडे. दरवेळी आधी लिहायचं: काय होईल असं वाटतं, आणि भीती शंभरात किती. नंतर लिहायचं: खरंच काय झालं.

ऑफिसातल्या एका सहकाऱ्याचं महिनाअखेरचं जीएसटीचं काम ती दोन वर्षं करत होती. तिने लिहिलं: 'बोलणं टाकेल, सगळ्यांना सांगेल. भीती ९०.' प्रत्यक्षात तो म्हणाला, "बरं, दुसऱ्या कुणाला विचारतो," आणि डबा खायला गेला. नणंदेचं मात्र तसं झालं नाही. ती खरंच दोन महिने बोलली नाही. तुमच्या 'हो'वर ज्यांचं बरंच काही चाललेलं असतं, त्यांच्यातले काही नाराज होतात, आणि तसं होणार नाही असा शब्द मी कुणाला देत नाही.

सगळ्यात जास्त घसरण होते ती 'नाही' म्हटल्यानंतरच्या तासाभरात. अपराधी वाटणं चढत जातं आणि माणूस फोन उचलून माफी मागतो, किंवा भरपाई म्हणून दुप्पट काहीतरी करून देतो. तसं केलं की शरीर पुन्हा तेच शिकतं: सुटका झाली ती मनवल्यामुळे. मेघनाने हे दोनदा केलं. तिसऱ्या वेळी तिने फोन स्वयंपाकघरातल्या डब्यात ठेवला आणि दर पंधरा मिनिटांनी आकडा लिहिला. ८५, ८५, ७०, ५५, ४०. काहीही न करता तो उतरला, हे तिने पहिल्यांदाच पाहिलं.

स्वार्थी होण्याची भीती तिलाही होती. म्हणून आम्ही जुन्या ४१ नोंदी परत काढल्या. कुठल्या गोष्टी भीती नसती तरी केल्या असत्या? नऊ निघाल्या. शेजारच्या आजींची औषधं आणून देणं त्यात होतं. त्या आजीविषयी लिहिताना 'चेहरा' हा रकाना रिकामा होता. औषधं ती अजूनही आणते.

एक गोष्ट तुम्ही मला कळवा. तुमच्या घरात आज 'नाही' म्हटल्यावर कुणी हात उगारतं, पैसे बंद करतं किंवा धमकावतं का? तसं असेल तर हे प्रयोग तिथे करू नका. तिथे ती जुनी युक्ती अजून तुमचं रक्षण करते आहे आणि आधी सुरक्षित होणं महत्त्वाचं आहे. महिलांसाठीची १८१ ही हेल्पलाइन त्यासाठीच आहे.

मेघनाच्या बाबांशी जुना हिशेब मांडायला मी सांगितलं नाही, तिलाही नको होतं. ते आता ऐंशीच्या घरात आहेत, दुकान भाड्याने दिलंय. गेल्या भाद्रपदात तिने वहीत केलेली नोंद तिने मला वाचून दाखवली. आता तिच्यात चारच रकाने असतात.

'बाबांनी विचारलं, गणपतीत दहाही दिवस येशील ना. मी म्हटलं, पाच दिवस येते. बाबा दिवसभर गप्प. पोटात गोळा, ८०. पाणी घेऊन त्यांच्याकडे जावंसं वाटलं, गेले नाही. रात्री साडेनऊला ४५. झोप लागली.'