कॅलेंडरच्या फोटोवरून त्यावर लिहिलेल्या कामांची यादी करताना आधी 1 तारखेचा वार बघ

सगळ्यात आधी महिना आणि वर्ष लिहून ठेव, मग 1 तारखेचा वार फोनच्या कॅलेंडरशी जुळवून बघ, तो चुकला की अख्खी यादी एक दिवस सरकते. खरी गडबड शेवटच्या ओळीत होते. नोव्हेंबर 2025 घे, 1 तारीख शनिवारी, म्हणून रविवारपासून सुरू होणाऱ्या पाच ओळींच्या कॅलेंडरात 23 आणि 30 एकाच चौकोनात कोंबलेले असतात. तिथे 'डेंटिस्ट 5:30' लिहिलं असेल तर फोटो झूम करून अक्षर कुठल्या आकड्याला चिकटलंय ते बघ, नाही कळलं तर लिहिणाऱ्याला विचार, अंदाजाने टाकू नकोस. तारीख 30 निघाली आणि 5:30 संध्याकाळचे असतील तर ओळ अशी लिही:

```
2025-11-30 17:30 डेंटिस्ट
```

वेळच नसेल तर 00:00 अजिबात टाकू नको, 'दिवसभर' लिही, नाहीतर मध्यरात्री अलार्म वाजतो.