मोठा सेल लोड आल्यावर जास्त का तापतो?

प्रश्न: स्कूटरच्या बॅटरी पॅकसाठी लहान १८६५० ऐवजी मोठा ४६८० सेल घ्यायचा विचार आहे. मोठ्या सेलमध्ये वस्तुमान जास्त, म्हणजे उष्णता जास्त मुरेल ना? मग तो जास्त तापतो असं का म्हणतात?

उत्तर: उष्णता जास्त मुरते हे खरं, पण ती तयारही त्याच प्रमाणात जास्त होते. दोन्ही सेलची उष्माधारकता दर ग्रॅमला साधारण १ ज्यूल प्रति अंश. क्षमतेच्या मानाने करंट सारखाच ओढला, तर दर ग्रॅममागे निर्माण होणारी उष्णताही जवळपास सारखीच. त्यामुळे वस्तुमानाचा फायदा तिथल्या तिथे फिटतो.

आकडे घालून पाहू. १८६५० चं वजन ४६ ग्रॅम, अंतर्गत रोध ३० मिलिओहम धरू. ५ अँपिअर ओढले तर पाऊण वॉट उष्णता निघते, म्हणजे सुरुवातीला मिनिटाला सुमारे १ अंश. ४६८० साधारण ३५५ ग्रॅमचा. त्याच हिशोबाने त्यात पावणेसहा वॉट निघतात आणि तोही मिनिटाला १ अंशानेच चढू लागतो. पहिली दोन-तीन मिनिटं फरक कळतच नाही.

फरक पडतो उष्णता बाहेर जाताना. ४६८० चं आकारमान आठपट, पण पृष्ठभाग जेमतेम साडेतीनपट. दर घन सेंटिमीटरमागे लहान सेलला अडीच चौरस सेंटिमीटर पत्रा मिळतो, मोठ्याला एकच. मोकळ्या, संथ हवेत अर्धा तास असा लोड दिला, तर माझ्या हिशोबाने लहान सेल १४-१५ अंश चढतो, मोठा २०-२१. लोड काढल्यावर वाढलेलं तापमान निम्म्यावर यायला लहान सेलला १३ मिनिटं लागतात, मोठ्याला २७. म्हणजे लागोपाठ दुसरी फेरी मारली, तर मोठा सेल आधीच गरम असताना सुरू होतो.

खरी फसगत मात्र आत होते. सेलच्या आत पट्टीची गुंडाळी असते; तिच्या थरांमधून आडवी उष्णता फार हळू जाते, आणि गाभा व पत्रा यांतला फरक त्रिज्येच्या वर्गाने वाढतो. वरच्याच लोडला १८६५० मध्ये तो जेमतेम १ अंश, ४६८० मध्ये सुमारे ६. पत्र्याला चिकटवलेला सेन्सर ४८ दाखवत असेल, तर आत ५४ असू शकतात. (हात लावून "कोमट आहे" म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.)

याचा अर्थ ४६८० वाईट असा नाही. गुंडाळीच्या लांबीच्या दिशेने, म्हणजे तळाकडे, उष्णता आडव्या दिशेपेक्षा कितीतरी पट सहज वाहते, म्हणून अशा सेलला तळातून थंड करणं फायद्याचं. ज्या ४६८० मध्ये एकाच टॅबऐवजी पट्टीची अख्खी कड जोडलेली असते, त्यात रोध कमी असतो आणि मुळात उष्णताच कमी निघते. तेव्हा विकत घेण्याआधी विक्रेत्याकडून अंतर्गत रोधाचा आकडा मागा, माझ्या हिशोबात तो घाला.

आणि लहान सेल एकमेकांना चिकटवून, वर श्रिंक स्लीव्ह चढवून पॅक बांधणार असाल, तर मधल्या सेलना पृष्ठभाग उरतच नाही; तो अख्खा ठोकळाच एक मोठा सेल होतो. तुमच्या पॅकमध्ये सेलच्या मध्ये हवेला वाट आहे का?