आधी वर्तुळ काढ, मग सूत्र लाव

एमएस्सीच्या तयारीला लागलीस, छान. दादरला शिकवण्या घेताना एक चूक दरवर्षी दिसते: मुलं पाय इलेक्ट्रॉन मोजतात, सायक्लोऑक्टाटेट्राईनमध्ये आठ येतात, 4n मध्ये बसतात, की लगेच ‘अँटिअ‍ॅरोमॅटिक’ लिहून मोकळी. मीही लिहिलं होतं, गुण गेले.

4n+2 हा नियम सपाट, सलग संयुग्मित वलयालाच लागतो. म्हणून आधी वर्तुळ काढ आणि त्यात बहुभुज टोक खाली ठेवून बसव. टोकं वर्तुळाला जिथे टेकतात, त्या ऊर्जापातळ्या. बेंझीनच्या षटकोनात मध्यरेषेखाली तीन पातळ्या येतात आणि सहा इलेक्ट्रॉन त्या पूर्ण भरतात. स्थैर्य तिथून येतं.

आता अष्टकोन. खाली तीनच पातळ्या, त्यात सहा इलेक्ट्रॉन. उरलेले दोन मध्यरेषेवरच्या दोन समान पातळ्यांत एकेकटे. हे महागात पडतं, शिवाय सपाट अष्टकोनात कोन 135° होतो, sp² कार्बनला हवा असतो 120°. म्हणून रेणू टबासारखा वाकतो आणि शेजारच्या दुहेरी बंधांचं एकमेकांशी जुळणं जवळजवळ तुटतं. त्यामुळे तो ‘नॉन-अ‍ॅरोमॅटिक’ ठरतो.

पडताळा बंधांच्या लांबीत आहे: बेंझीनमध्ये सगळे सुमारे 1.39 Å, इथे आलटून पालटून सुमारे 1.34 आणि 1.47. ब्रोमीनचा रंगही हा साध्या अल्कीनसारखा घालवतो. बेंझीनला उत्प्रेरक लागतो.

सरावाला एकच प्रश्न: पोटॅशियमने याला दोन इलेक्ट्रॉन दिले की वलय सपाट होतं. का, ते वर्तुळावर मोजून बघ. जान-टेलर वगैरे सध्या बाजूला ठेव.