दोन शहरांतल्या ऑफर्स: तुलना शिलकेची करा

वार्षिक पॅकेज बाजूला ठेवा. बोनस वगळून, कर आणि इतर कपाती जाऊन दरमहा खात्यात किती जमा होणार, हे दोन्ही कंपन्यांकडून लेखी घ्या.

समजा, पहिल्या शहरात हातात ७०,००० येतात. भाडे २२,०००, प्रवास ५,०००, बाकी खर्च २०,०००, उरले २३,०००. दुसरीकडे हातात ६०,०००च, पण भाडे १२,०००, प्रवास २,०००, बाकी १८,०००, उरले २८,०००. आता दुसऱ्या शहरात सामान हलवणे आणि दलाली यांचे २४,००० बारा महिन्यांत वाटा: शिल्लक २६,०००. तरीही दुसरी ऑफर सरस.

डिपॉझिट परत मिळते, म्हणून ते खर्चात धरू नका. मात्र पहिल्या पगाराआधीच तेवढी रोकड लागते. भाडे नेहमी ऑफिसपासून रोज जमेल अशा अंतरावरचेच धरा. लांबचे स्वस्त घर आणि जवळचा स्वस्त प्रवास एकाच हिशेबात आले, की शिल्लक खोटी फुगते.