पाय धुतले त्याच पोरीला आता लांब बसवतात

ताई, आम्ही कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहतो. मुलगी १२ वर्षांची आहे. श्रावणात तिला पहिल्यांदा पाळी आली. सासूबाईंनी चार दिवस तिला कोपऱ्यात सतरंजीवर बसवलं. ताट-तांब्या वेगळा, लोणच्याच्या बरणीला हात लावायचा नाही. धाकट्या भावानं विचारलं तर "कावळा शिवलाय तिला" म्हणाल्या. गेल्या अष्टमीला याच सासूबाईंनी कुमारिका म्हणून तिचे पाय धुतले होते. आता घट बसतील म्हणून तिला पाळी पुढं ढकलायची गोळी आणायला सांगतायत. बाई मायाळू आहेत, मला भांडण नको. मी स्वतः लग्नापासून गप्प बसून सगळं पाळत आले. काय करू?

*

आधी गोळीचं. आणू नका.

या गोळ्या आपल्याकडं गौरी-गणपती, सत्यनारायण, लग्नकार्य आलं की पेपरमिंटसारख्या आणल्या जातात, पण आहेत त्या हार्मोनच्या. पाळीच्या तारखेच्या साधारण तीन दिवस आधी सुरू करायच्या, रोज घ्यायच्या, आणि बंद केल्या की दोन-तीन दिवसांत पाळी येते. म्हणजे तारीख पक्की ठाऊक असायला हवी. तुमच्या मुलीची तारीखच ठरलेली नाही! पहिली एक-दोन वर्षं पाळी कधी २१ दिवसांनी येते, कधी ४५ दिवसांनी, आणि या वयात ते नैसर्गिक आहे. ती कोणत्या माळेला येईल हे सासूबाईंना सांगता येणार नाही, डॉक्टरांनाही नाही. शिवाय मळमळ, डोकेदुखी, मधेच डाग जाणं हे त्रास असतातच. मोठ्या बाईनंसुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही गोळी घेऊ नये, आणि सणासाठी १२ वर्षांच्या पोरीला तर नाहीच. हे सासूबाईंना तुम्ही सांगू नका. त्यांचा ज्या डॉक्टरीणबाईंवर विश्वास आहे, त्यांच्याकडं दोघी मिळून जा आणि त्यांच्याच तोंडून ऐकवा.

आता शिवाशिवीचं. तुमच्या घरात तीन गोष्टी एकाच गाठोड्यात बांधल्यात: पोरीला लांब बसवणं, स्वयंपाकघर आणि देव्हारा. तिन्हींवर एकदम बोलायला गेलात तर सासूबाई देव्हाऱ्याच्या बाजूनं उभ्या राहतील आणि बाकीचं सगळंही तिथंच अडेल. म्हणून गाठोडं सोडा. लांब बसवणं आजपासून बंद, त्यावर घासाघीस नाही. स्वयंपाकघराचं हळूहळू. आणि देव्हारा यंदा त्यांचा त्यांना राहू द्या.

लांब बसवणं आधी का, तर त्यात पोरीची सगळ्या घरासमोर दवंडी पिटली जाते. दीर, शेजारीण, भाऊ, सगळ्यांना कळतं. मग पोरी काय करतात? सांगायचंच टाळतात. कपडा वापरत असतील तर धुऊन दुसऱ्या कपड्याखाली दडपून वाळत घालतात. तो दमट राहतो आणि खाज, पुरळ सुरू होतं. त्याला कडक ऊन लागतं. पॅड असेल तर चार ते सहा तासांनी बदलायला हवा, पण "ऊठबस दिसेल" म्हणून मुली दिवसभर तोच ठेवतात.

इथं तुमच्या नवऱ्यानं उभं राहायचं आहे. "बायकांच्यात मी काय बोलू" हे त्याला परवडणार नाही, कारण आई त्याची आहे. भाषण नको. पुढच्या वेळी जेवताना त्यानं पोरीचं ताट आपल्या ताटाशेजारी मांडायचं आणि म्हणायचं, "आई, ती माझ्याजवळ जेवणार." एवढंच. मुलाचं ताट बाजूला सरकवायला आईचा हात सहसा उठत नाही. आणि धाकट्याला कावळा नको. "मोठ्या झालेल्या मुलींना महिन्यातून काही दिवस रक्त जातं, दुखापत नाही" असं त्याला तुम्हीच सांगा.

लोणच्यावर मात्र मला सासूबाईंशी बोलायला आवडलं असतं, कारण लोणचं नासतं हे त्यांनी खरंच पाहिलेलं असणार. कारण तेवढं दुसरं होतं. किलोभर फोडींना साधारण १५० ते २०० ग्रॅम मीठ लागतं, फोडी पुसून कोरड्या लागतात आणि वर तेलाचा थर लागतो. मीठ कमी पडलं, ओला चमचा गेला किंवा तेल खाली उतरून वरची फोड उघडी पडली, की तिथूनच पांढरी बुरशी धरते. पाळीचं रक्त गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचं असतं. बोटांतून ते बरणीत जात नाही. हे वाद घालून पटत नाही, म्हणून करून बघा. त्यांच्याच बरणीतलं लोणचं तीन छोट्या काचेच्या बाटल्यांत काढा. पहिलीला फक्त त्या हात लावतील. दुसरीतून मुलगी पाळीच्या दिवसांत कोरड्या चमच्यानं वाढून घेईल. तिसरीत मुद्दाम ओला चमचा घाला. बाटल्यांवर चिठ्ठ्या त्यांनाच लावू द्या, झाकणं उघडून त्यांनाच बघू द्या. बुरशी आधी धरली तर ती बहुतेक तिसरीलाच धरेल.

एक मात्र करू नका. गुपचूप बरणीला हात लावायचा आणि वर्षभरानं "बघा, काही झालं का?" म्हणायचं, हे बऱ्याच सुना करतात. त्यात मुद्दा जिंकता येतो, पण आपल्याला फसवलं हे बाई विसरत नाहीत, आणि पुढं देव्हाऱ्यापाशी कुलूपच लागतं.

देव्हाऱ्याबद्दल बोलायचं ते दसरा झाल्यावर, दुपारी भाजी निवडता निवडता, तेही प्रश्नानं. "आई, तुमच्या पहिल्या वेळी कसं होतं?" बहुतेक बायकांनी ते आजवर कुणाला सांगितलेलं नसतं. मधे बोलू नका, पूर्ण ऐकून घ्या. मग दुसरा प्रश्न: "त्या दिवसांत शेतात जायचा का?" आपल्या जिल्ह्यातल्या किती बायकांनी पाळीत भांगलण केली, गोठा साफ केला, धार काढली! तेव्हा कुणाला विटाळ आठवला नाही. "विश्रांतीसाठी होतं ते" असं त्या म्हणतील, तर लगेच मान्य करा: मग विश्रांती ठेवू, गरम पाण्याची पिशवी देऊ, विटाळ तेवढा सोडू.

त्या भजनाला जात असतील तर सोयराबाईंचं नाव काढा. चोखोबांच्या या बायकोनं चौदाव्या शतकात विचारलं होतं की विटाळ देहातच जन्मतो आणि विटाळाशिवाय कुठलाही देह जन्मत नाही, मग सोवळा कोण? हा प्रश्न सुनेनं विचारला की उद्धटपणा होतो, संताचा असला की बाई विचार करतात.

नाहीच पटलं, तर त्यांची पूजा त्यांच्या पद्धतीनं होऊ द्या. मुलीनं खोटं बोलायचं नाही. पाळी असेल तर आहे म्हणायचं आणि त्यांच्या घटाला हात लावायचा नाही. पण तिला स्वतःला आरतीला उभं राहायचं असेल, तर दारातून नको, तुमच्या शेजारी उभी राहू दे. अष्टमीला कुमारिका म्हणून तिला यंदा बोलावलं नाही तर तिला ते लागेल. म्हणून ते अष्टमीच्या आदल्या रात्री नको, आत्ताच तिच्या कानावर घाला, आणि त्या दिवशी तिला काय करायला आवडेल ते तिलाच विचारा.

आणि तिची पाळी सात दिवसांहून जास्त चालली, किंवा तासा-तासाला पॅड भिजायला लागला, तर सण असो नसो, दवाखान्यात न्या.